बफरमधून साइन लाट त्रिकोणी का निघते: स्ल्यू रेट ओळखा, मोजा आणि वारंवारतेची मर्यादा काढा

फोंड्याला आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या चढून झाकण उघडायचं आणि आत डोकावायचं, हे काम घरात कुणालाच नको असतं. माझा भाचा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने यावर उपाय म्हणून पाण्याची पातळी आवाजाने मोजायचं ठरवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला ४० किलोहर्ट्झचे दोन अल्ट्रासोनिक ट्रान्सड्यूसर बसवायचे, एकाने आवाज पाठवायचा, दुसऱ्याने पाण्यावरून परत आलेला ऐकायचा, आणि मधल्या वेळावरून अंतर काढायचं. असे ट्रान्सड्यूसर बहुतेक लोक चौकोनी लाटेवरच चालवतात. पण त्याच्याकडे आधीच बनवलेला साइन ऑसिलेटर होता. त्याच्यापुढे ७४१ या ऑप-अँपचा बफर लावून त्याने तो थेट ट्रान्सड्यूसरला जोडला.

टाकी भरलेली असली की प्रतिध्वनी छान यायचा. अर्ध्याच्या खाली गेली की काहीच यायचं नाही. शनिवारी तो सगळं ब्रेडबोर्डसकट माझ्या टेबलावर घेऊन आला.

"मामा, आयसी बदलून बघितली. दुसरीही तशीच. ७४१ ची बँडविड्थ एक मेगाहर्ट्झ आहे ना? मला तर फक्त ४० किलोहर्ट्झ पाहिजेत."

त्याचं गणित चुकलं नव्हतं, ते अपुरं होतं. एक मेगाहर्ट्झ हा आकडा लहान सिग्नलसाठी असतो. मोठ्या सिग्नलला आणखी एक मर्यादा लागते, तिचं नाव स्ल्यू रेट: आउटपुटचं व्होल्टेज एका मायक्रोसेकंदात जास्तीत जास्त किती व्होल्ट सरकू शकतं. ७४१ चा स्ल्यू रेट साधारण ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असतो. अडचण इथेच होती. ती कशी ओळखायची आणि मर्यादा कशी काढायची, हे मी त्याला ज्या क्रमाने दाखवलं त्याच क्रमाने इथे लिहितो.

आधी इनपुट आणि आउटपुट एकाच पडद्यावर आणा

भाच्याने आतापर्यंत फक्त ऐकणाऱ्या ट्रान्सड्यूसरचा सिग्नल पाहिला होता. तो स्वच्छ साइन दिसत होता, म्हणून पाठवणारी बाजू ठीकच असणार असं त्याने धरलं. पण हे ट्रान्सड्यूसर ४० किलोहर्ट्झच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच वाजतात आणि ऐकतात. त्यांना त्रिकोणी लाट दिली तरी वरचे हार्मोनिक ते गाळून टाकतात आणि पलीकडे पुन्हा गुळगुळीत साइन मिळते. त्यामुळे पाहायचं ते बफरच्या पायावर, पुढे कुठेतरी नाही.

सीआरओचा पहिला चॅनेल ७४१ च्या ३ नंबरच्या पायावर, म्हणजे इनपुटवर लावा. दुसरा ६ नंबरच्या पायावर, म्हणजे आउटपुटवर. दोन्ही चॅनेलना व्होल्ट प्रति चौकट तीच ठेवा आणि दोन्हींची शून्य रेषा एकावर एक आणा. प्रोब १० पटीवर असू द्या. सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्टचा होता. इनपुटला ऑसिलेटरऐवजी फंक्शन जनरेटर जोडला, म्हणजे वारंवारता आणि उंची दोन्ही हातात राहतात.

इथे नवीन माणूस एका जागी हमखास फसतो. जनरेटरच्या मेनूमध्ये पुढचा लोड ५० ओम धरलेला असेल आणि आपण तो बफरच्या उच्च इंपिडन्सच्या इनपुटला जोडला, तर पडद्यावर १० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि तारेवर २० येतात. म्हणून जनरेटरच्या आकड्यावर विसंबू नका. उंची सीआरओवर मोजा, आणि मोजताना शिखर ते शिखर मोजताय की शून्यापासून शिखरापर्यंत, ते कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित शून्यापासून शिखरापर्यंतच्या उंचीवर चालतं. इथे गल्लत झाली की उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं येतं.

आम्ही ४० किलोहर्ट्झ, शिखर १० व्होल्ट असा सिग्नल दिला. इनपुटला २० व्होल्ट शिखर ते शिखर अशी सुबक साइन होती. आउटपुटला सरळ रेषांचा त्रिकोण होता, पट्टीने आखल्यासारखा, आणि त्याची शिखर ते शिखर उंची जेमतेम सव्वासहा व्होल्ट.

त्या त्रिकोणाचं टोक नीट पाहा. ते नेमकं कुठे येतं? जिथे खाली उतरणारी इनपुटची लाट त्याला छेदते तिथे. इनपुट वर असतं तोपर्यंत आउटपुट त्याच्याकडे जमेल तितक्या वेगाने चढत राहतं. इनपुट उतरताना दोघांची गाठ पडते आणि त्याच क्षणी आउटपुट वळून खाली निघतं. खालच्या टोकाशी हेच उलट्या दिशेने होतं. मला स्ल्यूची ही खूण सगळ्यात आवडते, कारण ती पाहिली की आत काय चाललंय हे वेगळं समजावावं लागत नाही: आउटपुट इनपुटचा पाठलाग करतंय आणि त्याचा वेग बांधलेला आहे.

दुसऱ्या दोन दोषांशी याची गफलत होऊ शकते. सप्लाय कमी पडला तर लाटेचे माथे सपाट कापले जातात, बाजू शाबूत राहतात. स्ल्यूमध्ये आधी बाजू बिघडतात. बँडविड्थ कमी पडली तर लाट लहान होते, थोडी मागे पडते, पण साइनच राहते. आणि खात्री करायला एकच बटण पुरतं: वारंवारता तशीच ठेवून जनरेटरची उंची कमी करत या. आम्ही तसं केलं. शिखर साधारण दोन व्होल्टपर्यंत उतरलं तसा त्रिकोण विरघळून साइन दिसू लागली. वारंवारता तीच, आयसी तीच, फक्त उंची बदलली. निव्वळ बँडविड्थच्या दोषात असं कधीच होत नाही.

वेग कुठे बांधला जातो

७४१ च्या पोटात ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर आहे. तो तिथे मुद्दाम ठेवलेला आहे, कारण त्याच्याशिवाय आउटपुट थेट उलट्या इनपुटला जोडलं, म्हणजे बफर केला, तर आयसी आपणहून ऑसिलेट होईल. आउटपुटचं व्होल्टेज हलायचं तर हा कपॅसिटर भरावा किंवा रिकामा करावा लागतो, आणि त्याला लागणारा प्रवाह पहिल्या टप्प्यातून येतो. तो टप्पा साधारण १५ ते २० मायक्रोअँपियरवर चालतो. दोन्ही इनपुटमधला फरक कितीही वाढला तरी त्याच्याकडे याहून जास्त द्यायला नाही.

टाकीकडेच बघा ना. नळाची धार ठरलेली असली की टाकीतलं पाणी तासाला अमुक इतकंच वर चढणार. घरात पाण्याची घाई किती आहे याने धार वाढत नाही. १५ मायक्रोअँपियरला ३० पिकोफॅरडने भागलं की ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद येतात, म्हणजे डेटाशीटमधला आकडाच.

लहान सिग्नलला हा टप्पा पूर्ण उघडावाच लागत नाही. दोन इनपुटमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक पडतो, तेवढ्या प्रमाणात प्रवाह वाहतो आणि सगळं रेषीय राहतं. फरक शंभर मिलिव्होल्टच्या आसपास गेला की टप्पा संपृक्त व्हायला लागतो. तुमच्या सीआरओमध्ये दोन चॅनेलची वजाबाकी करायची सोय असेल तर ती लावून बघा. बफर नीट चालत असताना वजाबाकीची रेघ शून्याला चिकटून असते. स्ल्यू सुरू झाला की तिथे काही व्होल्टांचा फुगवटा उभा राहतो. त्या वेळेपुरता फीडबॅक असून नसल्यासारखा असतो.

मर्यादेचं गणित

साइन लाट सगळीकडे सारख्या वेगाने चढत नाही. शिखराशी ती क्षणभर थांबल्यासारखी असते आणि शून्य ओलांडताना सगळ्यात तीव्र. त्या जागचा चढ निघतो २π गुणिले वारंवारता गुणिले शिखर. हा चढ आयसीच्या स्ल्यू रेटच्या आत राहिला तर बाकीची लाट आपोआप आत राहते. म्हणून:

```
SR   >= 2π · f · Vp
fmax  = SR / (2π · Vp)
```

इथे `Vp` म्हणजे आउटपुटचं शिखर, शून्यापासून मोजलेलं. बफरचा गेन एक असल्यामुळे इनपुट आणि आउटपुटचं शिखर सारखंच, पण पुढे कधी गेन असलेला अँप्लिफायर केलात तर आउटपुटचंच घ्यायचं. `SR` सूत्रात घालण्याआधी व्होल्ट प्रति सेकंदात करा: ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद म्हणजे ५,००,००० व्होल्ट प्रति सेकंद.

```
fmax = 500000 / (6.283 × 10) ≈ 7960 Hz
```

१० व्होल्ट शिखराला ७४१ चा बफर आठ किलोहर्ट्झलाच थकतो. भाच्याला हवे होते ४०, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. तेच सूत्र फिरवून विचारा की ४० किलोहर्ट्झला किती उंची चालेल, तर उत्तर येतं १.९९ व्होल्ट. मघाशी बटण फिरवताना साइन जिथे परत दिसू लागली ती हीच जागा.

त्रिकोणाची उंचीही अशीच तपासता येते. ४० किलोहर्ट्झला अर्धी लाट १२.५ मायक्रोसेकंदांची. तेवढ्या वेळात ०.५ च्या वेगाने आउटपुट ६.२५ व्होल्ट सरकतं, आणि सीआरओने तेच दाखवलं होतं. त्या त्रिकोणातला ४० किलोहर्ट्झचा मूळ घटक काढला तर त्याचं शिखर अडीच व्होल्ट येतं. ट्रान्सड्यूसरला दहा मिळायला हवे होते. चौथ्या हिश्शावर तो वाजत होता, मग टाकीच्या तळापासून प्रतिध्वनी कुठून येणार?

डेटाशीटवर न थांबता स्ल्यू रेट स्वतः मोजा

डेटाशीटमधला आकडा बहुधा नमुन्यादाखल असतो, हमीचा नसतो. हातातली आयसी थोडी कमी-जास्त निघते, म्हणून मी नेहमी मोजून घेतो. फार तर पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच बफरला एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट द्या, शिखर ते शिखर १० व्होल्ट. आउटपुटची चढती कड मोठी करून बघा. ती उभी नसेल, तिरपी सरळ रेघ असेल. तळाशी आणि माथ्याशी रेघ थोडी वळते, तो भाग सोडून द्या. खालच्या एक व्होल्टपासून नवव्या व्होल्टपर्यंतचा वेळ कर्सरने घ्या. आमच्याकडे आठ व्होल्टांना १६ मायक्रोसेकंद लागले. भागाकार ०.५. उतरती कडही मोजा, कारण अनेक आयसींमध्ये चढाचा आणि उताराचा वेग वेगळा असतो. सूत्रात दोहोंतला लहान आकडा घालायचा.

आता ही कड खरंच स्ल्यूची आहे ना, ते पाहा. चौकोनी लाटेची उंची निम्मी करा. तिरप्या रेघेचा चढ तोच राहून वेळ निम्मा झाला, तर स्ल्यू. वेळ तेवढाच राहून चढ निम्मा झाला, तर ती बँडविड्थची किंवा वाटेतल्या एखाद्या रेझिस्टर-कपॅसिटरची करामत आहे आणि तुम्ही मोजलेला आकडा स्ल्यू रेट नाही. ही तपासणी चुकवू नका. लांब केबल लावून, तिच्या कपॅसिटन्सने मंदावलेली कड मोजून, तोच आयसीचा स्ल्यू रेट समजलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

उंची पूर्ण मिळते म्हणून लाट बरोबर आहे असं नाही

मर्यादा शोधायची म्हणून भाच्याने मग शिखर १० व्होल्टवर ठेवून वारंवारता वाढवत नेली आणि मल्टिमीटरसारखी फक्त उंची बघत बसला. दहा किलोहर्ट्झला तो म्हणाला, "अजून वीसच्या वीस व्होल्ट येतायत की."

येतायत खरे. पण दहा किलोहर्ट्झला शून्याजवळचा चढ ०.६३ हवा आणि आयसी देते ०.५. म्हणून लाट शून्याच्या ३७ अंश आधीच मागे पडायला लागते आणि सरळ रेघेत जाते. पुढे इनपुट शिखराशी हळू होतं तेव्हा आउटपुटला त्याला गाठायची उसंत मिळते, आणि ७६ अंशांच्या आसपास, शिखराच्या अगदी तोंडाशी, ते गाठतंसुद्धा. शिखर शाबूत राहतं. मधली जवळजवळ सगळी चढण मात्र सरळ होऊन गेलेली असते. मी त्याला दोन्ही लाटा एकावर एक ठेवून दाखवल्या: माथे जुळतात, चढत्या आणि उतरत्या बाजूंना मात्र आउटपुट उजवीकडे सरकलेलं, आणि लाट किंचित एका अंगावर झुकलेली. उंची घटायला लागते तोवर विकृती केव्हाच आत शिरलेली असते. याच गणिताने पूर्ण त्रिकोण मर्यादेच्या सुमारे १.८६ पटीवर होतो, म्हणजे इथे पंधरा किलोहर्ट्झच्या जवळ.

म्हणून शोध खालून वर करा. दोन-तीन किलोहर्ट्झपासून सुरू करून इनपुट-आउटपुटच्या लाटा शून्याजवळ वेगळ्या होताना पाहा, किंवा वजाबाकीची रेघ फुगताना पाहा. डिजिटल सीआरओत एफएफटी असेल तर तिसऱ्या हार्मोनिकवर नजर ठेवा. शुद्ध त्रिकोणात तो मूळ घटकाच्या एक नवमांश, म्हणजे ११ टक्के असतो. डोळ्याला लाट साइनच वाटत असते तेव्हाही एफएफटीमध्ये तो डोकं वर काढतो.

याच कारणाने `fmax` हा आकडा मी कामाची वारंवारता म्हणून कधी वापरत नाही. त्या आकड्याला पहिला टप्पा पूर्ण ताणलेला असतो, आणि संपृक्त व्हायच्या आधीच तो वाकडा चालायला लागलेला असतो. पाण्याची पातळी मोजायला निम्म्यावर थांबलात तरी भागेल. आवाजाच्या किंवा मोजमापाच्या कामात मी एक-पंचमांशाच्या वर जात नाही.

आयसी निवडताना

गणित आता उलट दिशेने करायचं. ४० किलोहर्ट्झ आणि १० व्होल्ट शिखराला लागणारा चढ:

```
SR = 6.283 × 40000 × 10 ≈ 2.5 V/µs
```

पाचपट सवलत धरली तर साडेबारा. टीएल०७१ चा नेहमीचा आकडा १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, म्हणजे बरोबर बसतो, आणि १० व्होल्ट शिखराला त्याची मर्यादा २०० किलोहर्ट्झच्या पुढे जाते. पाय क्रमांक २, ३, ४, ६ आणि ७ हे ७४१ सारखेच असल्यामुळे त्याच सॉकेटमध्ये बसतो. १ आणि ५ नंबरला ऑफसेटसाठी काही जोडलेलं असेल तर ते मात्र काढून टाका. दुकानात सहज मिळतो म्हणून एलएम३५८ घेऊ नका. त्याच्या जुन्या आवृत्तीचा स्ल्यू रेट ०.३ च्या आसपास, म्हणजे ७४१ हूनही मंद.

टीएल०७१ ची एक खोड माहीत असू द्या: इनपुट उण्या सप्लायच्या फार जवळ गेलं तर बफरचं आउटपुट उलटं उडी मारतं. उणे १५ च्या सप्लायवर उणे १० पर्यंत काळजी नाही, पण सप्लाय १२ वर आणलात तर तेवढी जागा उरत नाही.

लोडही तपासायला हवा. असा ट्रान्सड्यूसर बफरला साधारण दोन नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसारखा दिसतो. २.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाने तो हलवायला ५ मिलिअँपियर लागतात, आणि तेवढे टीएल०७१ देतो. लोड दहापट मोठा असता तर ५० मिलिअँपियर लागले असते. मग आयसीचा आतला स्ल्यू रेट कितीही असो, आउटपुटच्या प्रवाहाची मर्यादाच लाटेचा त्रिकोण करते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लोड काढल्यावर लाट सुधारली तर दोष लोडचा, नाही सुधारली तर आयसीचा. शिवाय कपॅसिटरसारखा लोड थेट जोडला की बफर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणून आउटपुट आणि ट्रान्सड्यूसरच्या मध्ये १०० ओमचा रेझिस्टर घाला. फीडबॅकची तार रेझिस्टरच्या आधी, म्हणजे थेट ६ नंबरच्या पायावरून घ्यायची.

आम्ही आयसी बदलली, रेझिस्टर घातला आणि तेच ४० किलोहर्ट्झ, तेच १० व्होल्ट दिले. दोन्ही लाटा एकमेकींवर अशा बसल्या की खालची दिसावी म्हणून भाच्याने एका चॅनेलची शून्य रेषा एक चौकट खाली ओढली. नंतर त्याने ७४१ परत लावून सव्वासहा व्होल्टांचा तो त्रिकोण पुन्हा एकदा पाहिला, त्याचा फोटो काढला आणि वहीत फोटोसाठी जागा सोडून तिच्याखाली १.९९ चं गणित लिहिलं. टाकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी होत आली होती. तळापासून हातभर पाणी उरलेलं असताना प्रतिध्वनी आला.